आणखी पंधरा मिनिटं

आश्रमशाळेला पाण्याचं फिल्टर मशीन मिळणार होतं. जळगावच्या भंवरलाल शेठनी वडिलांच्या नावानं ते दिलं होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला ते स्वतः येणार होते. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या त्या शाळेत एवढा मोठा माणूस सहसा येत नसे. त्यामुळे आठ दिवस सगळी शाळा त्याच कामाला लागली होती. मैदानातले दगड वेचले, झेंड्याच्या ओट्याला चुना लावला. गिरधर सरांनी मुलींना रोज संध्याकाळी रांगेत उभं करून स्वागतगीत घोटून घेतलं.

गिरधर सर खेळाचे शिक्षक. आवाज दणदणीत, कपडे कडक इस्त्रीचे, गळ्यात कायम शिट्टी. सारिका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तिची नेमणूक वर्षावर्षाची. दर जूनला मुख्याध्यापक शिफारस पाठवत आणि मग नवी ऑर्डर येई. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर धुळ्याच्या भावाकडे दोन वर्षं काढून ती इथे आली होती, आणि परत भावाच्या दारात जायचं नाही एवढं एकच तिनं ठरवलेलं होतं.

गीताची मुख्य गायिका बिजला पावरा. नववीतली, उंच, अंगानं काटक. ती पहिली ओळ म्हणायची आणि बाकीच्या मागून धरायच्या. तिचा आवाज मोकळा होता. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून ऐकायच्या.

कार्यक्रम नऊचा ठरला होता. साडेआठला सव्वाशे मुली उन्हात उभ्या केल्या. ऑक्टोबरचा महिना, हवा हलत नव्हती. मंडप होता, पण तो पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. मुलींनी सात वाजता मूठभर पोहे खाल्ले होते. गायच्या मुलींना तर गिरधर सरांनी पाणीही बेतानं प्यायला लावलं होतं, मध्येच कोणी रांग सोडून जाऊ नये म्हणून.

दहा वाजले. शेठ चोपड्याला कुणाकडे चहाला थांबलेत असा फोन आला. साडेदहा झाले. गिरधर सर रांगांमधून फिरत होते.

"सावधान म्हणजे सावधान! पाय हलवायचा नाही. पाहुणे केव्हाही येतील."

अकराच्या सुमाराला सारिकाचं लक्ष बिजलाकडे गेलं. पोरगी एकामागून एक जांभया देत होती. चेहऱ्यावरचा रंग उतरून ओठ राखेसारखे झाले होते. वरच्या ओठावर घाम डवरला होता. सारिका तिच्याजवळ गेली.

"काय होतंय गं?"

"बाई, कानात घूं घूं होतंय. तुमचं तोंड लांब दिसतंय."

सारिकानं धुळ्याला दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं शिबिर केलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं. फार वेळ ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, डोक्याला कमी पडतं. जांभया, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची वर्दी असते. तेवढ्यात माणूस खाली बसला किंवा आडवा झाला तर काही होत नाही.

"खाली बस. इथेच बस," ती म्हणाली.

बिजलानं गुडघे वाकवले तोच शिट्टी वाजली.

"कोण बसलं? बिजला! उभी राहा! एक बसली की सव्वाशे बसतील!"

"सर, तिला चक्कर येतेय," सारिका म्हणाली.

"अहो मॅडम, यांच्या घरी या दिवसभर कापूस वेचतात. तेव्हा येत नाही चक्कर. इथंच बरी येते?"

बिजला पुन्हा ताठ झाली. सारिका तिच्या कानाशी वाकून घाईघाईनं म्हणाली, "पायावर पाय चढव, मांड्या घट्ट आवळ. मुठी वळ." बिजलानं एक पाय उचलला. तो जमिनीला लागायच्या आत तिचे डोळे वर गेले आणि ती मागे कलंडली.

मागच्या मुलींनी तिला झेललं. झेललं ते बरं केलं, पण खाली ठेवलं नाही. दोघींनी काखेत हात घालून तिला उभीच धरली. मान लटकत होती, पाय लुळे होते. क्षणभरात तिच्या हातांना आणि खांद्यांना झटके यायला लागले.

"फिट आली! मिरगी!" कोणीतरी ओरडलं.

गिरधर सरांनी पायातली चप्पल काढली आणि तिच्या नाकाला लावली. एका शिक्षकानं तांब्या आणून तोंडात पाणी ओतायला सुरुवात केली. दुसरा गालावर चापट्या मारत होता.

"सोडा तिला! खाली ठेवा!" सारिका मुलींच्या अंगावर धावली. "पाणी नको, घशात अडकेल. उभी धरलीय म्हणूनच झटके येताहेत. डोक्याला रक्त मिळू द्या!"

शाळेचे शिपाई चिंधा भाऊ म्हातारे होते, पण तेच आधी हलले. "आडवं पाडा पोरले, आडवं पाडा," म्हणत त्यांनी मुलींचे हात सोडवले. दोघांनी मिळून बिजलाला जमिनीवर निजवलं. सारिकानं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर उंच घेतले, गळ्याशी आवळलेला रुमाल सैल केला, मुलींना बाजूला सारून वारा मोकळा केला. झटके तिथल्या तिथे थांबले. अर्धं मिनिट झालं नसेल, बिजलानं डोळे उघडले.

"बाई, मी कुठे पडले?"

"इथेच. काही झालं नाही. पडून राहा."

ओठांवर हळूहळू रंग येत होता. नाडी मंद होती, पण लागत होती. सारिकानं मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते घामेजून उभे होते, हातात भाषणाचा कागद.

"सर, ही शुद्धीवर आलीय. फिट नाहीये ही. पण आणखी पंधरा मिनिटं तिला आडवंच ठेवलं पाहिजे. मग बसवू, पाणी पाजू, मग उभी करू. लगेच उठवली तर परत पडेल."

त्याच वेळी फाटकाकडून हॉर्न ऐकू आला. धुरळा उडवत शेठची गाडी आत आली.

"आले, आले!" मुख्याध्यापकांनी कागद खिशात कोंबला. "उठवा हिला. गीत कोण म्हणणार?"

"दुसरी कोणी म्हणेल, सर."

"दुसरी कोण?" गिरधर सर म्हणाले. "पहिली ओळ हिचीच बसवलीय. आता तर शुद्धीवर आली ना? बोलतेय ना? झालं तर मग."

"सर, पंधराच मिनिटं..."

मुख्याध्यापक खाली वाकले. आवाज चढवला नाही त्यांनी. सारिकाला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "मॅडम, तुमची ऑर्डर जूनमध्ये कोणाच्या सहीनं जाते? आजच्या दिवशी मला तमाशा नकोय. उठवा."

गाडीची दारं उघडली होती. बिजला खालून सारिकाकडे बघत होती.

"बाई, अजून काळं काळं दिसतंय."

सारिकानं तिचा हात धरला. नंतर कितीतरी वेळा तिनं स्वतःला सांगून पाहिलं की गिरधर सरांनी उठवलं, मुख्याध्यापकांनी उठवलं. पण हात तिचाच होता. तिनं बिजलाला आधी बसवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, मग काखेत हात घालून उभं केलं. "पायाची बोटं हलवत राहा. एकच गाणं आहे," असं म्हणून तिला झेंड्याच्या ओट्यासमोर, पहिल्या रांगेत नेऊन सोडलं.

भंवरलाल शेठ सत्तरीचे, पांढऱ्या कपड्यातले, भला माणूस वाटणारे. उशिराबद्दल त्यांनी दोन्ही हात जोडून माफी मागितली. त्यांचा मुलगा जिनेश मोबाइलवर सगळं टिपत होता. हार झाले, नारळ झाला. मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक दहा मिनिटं चाललं. सारिका मुलींच्या मागे उभी होती. तिला बिजलाची फक्त पाठ दिसत होती, दोन वेण्या आणि ताठ मान.

मग स्वागतगीत. बिजलानं पहिली ओळ म्हटली. आवाज नेहमीसारखा लागला. शेठनी कौतुकानं मान हलवली. दुसऱ्या कडव्याची ओळ तिनं उचलली आणि अर्ध्यावर आवाज बंद झाला.

ती या वेळी मागे नाही, पुढे पडली. गुडघे मुडपले नाहीत की हात पुढे आले नाहीत. उभी केलेली फळी आडवी व्हावी तशी ती गेली, आणि हनुवटी ओट्याच्या सिमेंटच्या कडेवर आदळली. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सारिका मुलींमधून वाट काढत पोचेपर्यंत गिरधर सर बिजलाजवळ पोचले होते. त्यांनी तिला खांद्याला धरून पालथीची उताणी केली. हनुवटी उकललेली, तोंडातून रक्ताची धार, दोन दात ओट्याच्या चुन्यावर पडलेले. सरांचा पांढरा शर्ट छातीवर लाल झाला. त्यांनी स्वतःचे हात बघितले.  चेहरा पिवळा पडला, कपाळावर घामाचे थेंब आले, आणि ते बसल्या जागी एका कुशीवर ढासळले.

"सर पडले! सर पडले!"

आणि सगळं मैदान सरांकडे धावलं.

मंडपातल्या सतरंजीवर त्यांना निजवलं गेलं. "पाय वर करा, मघाशी मॅडमनी केले होते तसे," मुख्याध्यापक स्वतः ओरडत होते. पाहुण्यांच्या खुर्चीवरची उशी सरांच्या पायांखाली गेली. कॉलरचं बटण सैल केलं, पट्टा सोडला. चार मुलींना पुठ्ठे देऊन वारा घालायला बसवलं. कोणी पाण्याचा तांब्या आणला, तर मुख्याध्यापकांनीच त्याचा हात अडवला, "शुद्ध येऊ दे आधी!" सर अर्ध्या मिनिटात डोळे उघडून उठायला लागले, तेव्हा त्यांना दोघांनी दाबून ठेवलं. "पडून राहा सर. पंधरा मिनिटं तरी उठायचं नाही."

ओट्यापाशी सारिका आणि चिंधा भाऊ दोघंच होते.

"भाऊ, डोकं न् अंग एकदमच वळवा. मान मुरगाळायला नको." दोघांनी बिजलाला एका अंगावर वळवलं. तोंडातलं रक्त घशात न जाता बाहेर वाहू लागलं. श्वास घरघरत होता, तो मोकळा झाला. सारिकानं पदराची घडी करून जखमेवर धरली. जोरात दाबायची तिला भीती वाटत होती, कारण बोटांखाली हाड सरकत होतं. डाव्या कानातूनही रक्त येत होतं. बिजलाला शुद्ध आली होती. ती कण्हत होती, पण तोंड मिटत नव्हतं आणि उघडतही नव्हतं.

"१०८ला फोन करा कोणीतरी!" सारिका ओरडली. जिनेशनं फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, यायला दीड तास लागेल म्हणाले.

भंवरलाल शेठ मंडपात उभे होते. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "मास्तर, गाडी घ्या माझी. कोणाला न्यायचं?"

"सरांना, शेठ. वय पन्नासच्या पुढे आहे, हार्टचं असलं तर?"

"आणि ती मुलगी?"

"तिला काय, फिट येतात. लहान आहे, होईल बरी. तिच्यासाठी बोलावलीय गाडी."

शेठना ओट्यापाशी काय आहे ते गर्दीमुळे दिसत नव्हतं, की त्यांनी बघितलं नाही, हे सारिकाला कधी कळलं नाही. गिरधर सर स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गाडीत बसले. शिरपूरच्या डॉक्टरांनी त्यांचा ईसीजी काढला. रक्त बघून काहींना असं होतं, काळजीचं कारण नाही म्हणाले, आणि चहा पाजून परत पाठवलं. त्यांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा बिजलाची अॅम्ब्युलन्स नुकतीच बाहेर पडत होती.

धुळ्याच्या दवाखान्यात जबड्याच्या डॉक्टरांनी एक्सरे दिव्यासमोर धरला. हनुवटीचं हाड मधोमध मोडलं होतं आणि दोन्ही कानांपुढचे सांधे तुटले होते.

"परेडमध्ये तासन्‌तास उभे राहणारे जवान असेच पडतात," ते सारिकाला म्हणाले. "साधा माणूस अडखळला तर हात पुढे करतो. शुद्ध हरपलेल्याचे हात येत नाहीत. सगळा मार हनुवटीवर. पहिल्यांदाच पडली का?"

"नाही. वीस मिनिटं आधी एकदा."

"मग लगेच उभी कोणी केली?"

सारिकानं दवाखान्याचं कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी परत विचारलं नाही. त्यांच्यापुढे आणखी पेशंट उभे होते. दात तारेनं बांधायचे, महिनाभर पातळ खायचं, तार काढली की रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा, दर आठवड्याला दाखवायला यायचं. "व्यायाम चुकला तर सांधा जाम होईल. मग तोंड उघडणार नाही, लक्षात ठेवा." निघताना त्यांनी एक वाक्य जोडलं, "आणि हे फिट नाही. फिटची गोळी कोणी दिली तर घेऊ नका."

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सारिकाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'सदर विद्यार्थिनीस पूर्वीपासून फिट्सचा त्रास असून पालकांनी ही बाब प्रवेशावेळी लपविली. घटनेच्या दिवशी फिट आल्याने ती पडली.' खाली दोन साक्षीदारांची जागा. एक सही गिरधर सरांची होती.

"सर, डॉक्टर म्हणाले फिट नाही."

"तसं लिहून दिलंय त्यांनी?"

"कार्डावर नाही. तोंडी."

"तोंडी," मुख्याध्यापक म्हणाले. "मॅडम, आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयातून चौकशी येईल. पहिला प्रश्न असा येईल की त्या वेळी मुलीजवळ कोण होतं. उभी कोणी केली. सव्वाशे मुलींनी बघितलंय कोणी केली ते. हा कागद तुम्हालाच वाचवतोय."

सारिकानं कागद दोनदा वाचला. मग सही केली.

दवाखान्यातून बिजलाला तिची आई चमेलीबाई परस्पर पाड्यावर घेऊन गेली. शाळेनं दाखला तयार ठेवला होता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'फिट्स, वसतिगृहास अयोग्य.' वार्षिक अहवालात फिल्टर मशीनचा फोटो आला. त्याखाली एक ओळ होती की जखमी विद्यार्थिनीला उचलताना गिरधर सरांनी स्वतःच्या प्रकृतीची पर्वा केली नाही.

माघात एका रविवारी सारिका पाड्यावर गेली. जीपनं अर्धा रस्ता, पुढे पायी. चमेलीबाई अंगणात बोरं वाळत घालत होती. तिनं खाट पुढे ओढली, पाणी आणलं.

"या बाई. पोरगी सांगते, तुम्हीच तिला आडवी निजवली, तुम्हीच तिचं रक्त थांबवलं. बाकी कोणी नाही आलं."

बिजला झोपडीच्या दारात बसली होती. हनुवटीवर जाड वण उठला होता. सारिकानं तिला तोंड उघडायला सांगितलं. दातांच्या मध्ये एक बोट जेमतेम शिरलं.

"धुळ्याला दाखवायला नेलं नाही?"

"दोनदा नेलं," चमेलीबाई म्हणाली. "एका खेपेला दोन दिवस जातात बाई. मजुरी बुडते. तिसऱ्यांदा नाही झालं." ती बोरं हातानं पसरत होती. "दुसऱ्या शाळेत पण गेलो. दाखला बघून नाही म्हणाले. फिटची पोरगी, रात्री काही झालं तर कोण बघणार? इथं पण बायका तिला विहिरीवर येऊ देत नाहीत. चुलीजवळ बसू देत नाहीत. आगीत पडेल म्हणतात."

"तिला फिट नाहीये," सारिका म्हणाली.

चमेलीबाईचे हात थांबले.

सारिकानं सगळं समजावून सांगितलं. उन्हात फार वेळ उभं राहिल्यानं काय होतं, उभी धरली म्हणून झटके कसे आले, निजवल्यावर ते कसे थांबले. पुन्हा कधी डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथल्या तिथे आडवं व्हायचं, पाय उंच करायचे, तोंडात काही घालायचं नाही, सावकाश उठायचं. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर दवाखाना गाठायचा. बिजला ऐकत होती. तिची नजर सारिकाच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"मग सरकारच्या कागदावर कसं लिहिलं?" चमेलीबाईनं विचारलं.

"मी सही केली," सारिका म्हणाली. "आणि तिला उभी पण मीच केली. मला माहीत होतं, ती परत पडेल म्हणून."

 मग बिजला उठली. मिटल्या दातांतून, शब्द चावत चावत ती म्हणाली, "आई, यांना जायला सांग."

त्या रात्री सारिकानं पाच पानं लिहिली. कोणी किती वाजता काय केलं ते सगळं, स्वतःचं नाव धरून. सोमवारी तिनं ती प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घेतली. जूनमध्ये तिची ऑर्डर आली नाही. ती धुळ्याला भावाच्या दारात परत गेली आणि एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली.

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. निकालाची प्रत तिला टपालानं आली. 'तक्रारीतील विद्यार्थिनी व पालक तीन वेळा नोटीस देऊनही उपस्थित राहिले नाहीत. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' म्हणजे फाइल बंद.

तिनं एक दिवसाची रजा टाकली आणि पुन्हा पाड्यावर गेली. झोपडीच्या दाराला काटेरी फांदी बांधलेली होती. अंगणात गवत उगवलं होतं. शेजारचा लखन बैलाला पाणी पाजत होता.

"चमेलीबाई? त्या होळी झाल्यावरच गेल्या," तो म्हणाला. "सुरतकडे, बांधकामावर. मायलेकी दोघी."

"आणि नोटीस?"

"एक शिपाई आला होता. दाराला कागद चिकटवून गेला. पावसात गेला तो."

"बिजला कशी आहे, काही कळलं?"

लखननं बादली खाली ठेवली.

"बरी आहे म्हणतात. मुकादम खूश आहे तिच्यावर. दिवसभर उन्हात पाट्या वाहते आणि तोंडातून शब्द काढत नाही."

बैलानं पाण्यातून तोंड काढलं. लखन त्याला घेऊन गोठ्याकडे गेला. परतीची जीप साडेचारची होती. सारिका चालायला लागली.